चार्ट आणि रजिस्टर जुळत नसेल तर सॉफ्टवेअर कंपनीला तक्रार कशी लिहावी

प्रश्न: दादरच्या फूलबाजारात आमचा घाऊक व्यापार आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या रोजच्या विक्रीच्या चार्टमध्ये २ जूनला ४१,३०० रुपये दिसतात, पण विक्री रजिस्टरमध्ये त्याच दिवसाचे ३८,६५० आहेत. जवळजवळ रोज असा फरक पडतो, महिन्याची बेरीज मात्र थोड्याफार फरकाने जुळते. कंपनीला तीन वेळा कळवले. प्रत्येक वेळी ‘आमच्याकडे बरोबर दिसते’ एवढेच उत्तर आले. तक्रार कशी लिहू, म्हणजे ते दखल घेतील?

उत्तर: मी बरीच वर्षे मुंबईत हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचे आणि ग्राहकांच्या तक्रारी तपासण्याचे काम करतो आहे, त्यामुळे अशा तक्रारी वाचणाऱ्याच्या खुर्चीतून हे लिहितो. ‘आमच्याकडे बरोबर दिसते’ हे उत्तर बहुधा खरे असते. त्यांच्याकडे खरोखरच बरोबर दिसत असते. म्हणून तुमच्या दुकानात असे काय घडते जे त्यांच्या कार्यालयात घडत नाही, हे आधी शोधले पाहिजे, आणि ते सापडले की तक्रारीचा निम्मा मजकूर आपोआप तयार होतो.

महिन्याची बेरीज जुळते आणि दिवसांची जुळत नाही, ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बेरजेतच चूक असती, एखादे बिल दोनदा धरले गेले असते किंवा रद्द केलेले बिल मोजले गेले असते, तर महिन्याचा आकडाही तेवढाच बिघडला असता. इथे पैसे हरवत नाहीत आणि वाढतही नाहीत, ते फक्त एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकतात. फूलबाजार पहाटे भरतो हे लक्षात घेतले, तर माझा पहिला संशय वेळेच्या रूपांतरावर जातो. बहुतेक सॉफ्टवेअर बिलाची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दुकानात २ तारखेच्या पहाटे ४:१० वाजता केलेले बिल यूटीसीनुसार १ तारखेच्या रात्री १०:४० चे ठरते. बिले दिवसवार गोळा करण्यापूर्वी ही वेळ पुन्हा भारतीय वेळेत आणायची राहिली, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी बिले आदल्या दिवसाच्या स्तंभात जाऊन बसतात. कंपनीतला तपासनीस नमुन्याची बिले सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत करतो. त्या वेळेत केलेले बिल दोन्ही घड्याळांनुसार एकाच तारखेचे असते, म्हणून त्याला दोष कधीच दिसत नाही.

हा संशय खरा आहे का, हे तुम्ही स्वतः अर्ध्या तासात पडताळू शकता. विक्री रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि २ व ३ जूनची बिले वेळेनुसार लावा. प्रत्येक दिवसाची पहाटे साडेपाचच्या आधीची बेरीज वेगळी काढा. समजा २ जूनच्या ३८,६५० रुपयांपैकी १४,२०० रुपयांची बिले साडेपाचच्या आधीची आहेत आणि २४,४५० रुपयांची त्यानंतरची. ३ जूनला साडेपाचच्या आधीची बिले १६,८५० रुपयांची आहेत. मग दोषपूर्ण चार्टमध्ये २ जूनचा स्तंभ २ तारखेच्या नंतरच्या आणि ३ तारखेच्या आधीच्या बिलांचा मिळून झालेला असेल, म्हणजे २४,४५० अधिक १६,८५०, एकूण ४१,३००. तुमच्या रजिस्टरमधली विभागणी रुपयापर्यंत अशी जुळली, तर तो योगायोग नसतो. दोन-तीन वेगळ्या तारखांनाही हीच बेरीज करून पाहा. महिन्याची बेरीज थोड्या फरकाने का चुकते, हेही त्यातूनच कळेल. १ जूनच्या पहाटेची बिले मे महिन्यात गेलेली असतात आणि १ जुलैच्या पहाटेची जूनमध्ये आलेली असतात, त्यामुळे फरक फक्त दोन टोकांचा उरतो.

आकडे असे जुळले नाहीत तर कारण वेगळे आहे आणि पुढचा मजकूर बदलावा लागेल. विशेषतः पूर्ण दिवसाची विक्रीच जशीच्या तशी आदल्या तारखेवर दिसत असेल, तर सॉफ्टवेअर फक्त तारीख साठवते आहे, तिला मध्यरात्रीची वेळ जोडते आहे आणि मग ती यूटीसीत नेते आहे, असे समजावे. तो याच घराण्यातला दोष आहे, पण त्याची लक्षणे आणि दुरुस्ती निराळी असते.

आता तक्रारीसाठी लहानात लहान उदाहरण तयार करायचे. जून महिन्याची हजारभर बिले पाठवली तर ती कोणी उघडून बघणार नाही, तीन बिले पाठवली तर नक्की बघतील. त्यासाठी कंपनीकडून चाचणीचे रिकामे खाते मागून घ्या किंवा सॉफ्टवेअरमध्ये दुसरी कंपनी उघडता येत असेल तर ती उघडा. आपल्या खऱ्या वहीत खोटी बिले करू नका, कारण ती रद्द केली तरी बिलांच्या क्रमांकांत त्यांची खूण राहते आणि पुढे ऑडिटच्या वेळी प्रत्येकाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. बिले खरोखर पहाटेच करा. दुपारी बसून बिलाची तारीख मागे घेतली, तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये छापील तारीख बदलते पण नोंद झाल्याची वेळ दुपारचीच राहते, आणि चार्ट त्या नोंदीच्या वेळेवर चालत असेल तर दोष दिसणारच नाही. तुम्ही त्या वेळी दुकानात असताच, म्हणून हे तुम्हाला जमेल आणि त्यांना सहज जमणार नाही.

बिलांच्या रकमा विचारपूर्वक निवडा. पहाटे ४:१० ला १०० रुपये, ५:२५ ला १० रुपये आणि ५:३५ ला १ रुपया, अशी तीन बिले करा. कर लागत नाही अशी वस्तू निवडा, म्हणजे आकडे गोल राहतील. या रकमांचा फायदा असा की कोणत्याही स्तंभावरचा आकडा वाचला की त्यात कोणती बिले धरली गेली हे लगेच कळते. आदल्या दिवशी ११० आणि त्या दिवशी १ दिसले, तर पहिली दोन बिले सरकली आणि तिसरे जागेवर राहिले, यात वादाला जागा उरत नाही. ५:२५ आणि ५:३५ ही जोडी मुद्दाम ठेवली आहे. दहा मिनिटांच्या अंतराने केलेल्या दोन बिलांपैकी एकच सरकते, हे पाहिल्यावर ज्या डेव्हलपरने आधी वेळेच्या रूपांतरावर काम केले आहे त्याला साडेपाच हा आकडा बघताच कारण उमगते.

तक्रार पाठवण्याआधी आणखी एक खात्री करून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न तुमच्या संगणकाविषयीच येईल. विंडोजच्या तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` असाच आहे ना, हे पाहा. तोच चार्ट दुसऱ्या संगणकावर आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. ज्याच्यावर बिले होत नाहीत असा एखादा संगणक असेल तर त्याचा टाइम झोन थोडा वेळ `(UTC) Coordinated Universal Time` करून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. रजिस्टरमधल्या बिलांच्या वेळा साडेपाच तास मागे गेल्या आणि चार्ट मात्र जागचा हलला नाही, तर रजिस्टर संगणकाची वेळ मानते आणि चार्ट नेहमी यूटीसी धरतो, हे सिद्ध झाले. दोन्हींत काहीच बदल झाला नाही, तर तारीख त्यांच्या सर्व्हरवर ठरते आहे. कुठलाही निकाल आला तरी तो तक्रारीत लिहा. हा प्रयोग गल्ल्यावरच्या संगणकावर करू नका, खऱ्या बिलांच्या वेळा बिघडण्याचा धोका असतो.

मजकूर लिहिताना पाहिलेली गोष्ट आणि तुमचा अंदाज यांची सरमिसळ होऊ देऊ नका, याबद्दल मी फार आग्रही आहे. ‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम झोनची चूक आहे’ हे पहिलेच वाक्य असेल, तर वाचणारा टाइम झोनची सेटिंग तपासतो, ती योग्य दिसते आणि तक्रार बंद होते. ‘४:१० चे बिल आदल्या दिवसाच्या स्तंभात दिसते’ हे वाक्य मात्र कोणाला नाकारता येत नाही. अंदाज शेवटी द्या आणि तो अंदाज आहे हे स्पष्ट लिहा. बटणांची आणि अहवालांची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच लिहा, त्यांचे भाषांतर करू नका. शिवाय तुमचा मजकूर आधी सपोर्टमधल्या व्यक्तीकडे आणि मग डेव्हलपरकडे जातो, ज्याने फूलबाजार पाहिलेला नसतो. व्यापार पहाटे चालतो हे एका वाक्यात सांगितले नाही, तर ‘चार वाजता कोण बिल करते?’ असे म्हणून तो ही तक्रार यादीत खाली सरकवेल.

मी असा मजकूर पाठवला असता. नावे, क्रमांक आणि तारखा तुमच्याप्रमाणे बदलून घ्या.

> विषय: रोजच्या विक्रीच्या चार्टमध्ये पहाटे ५:३० पूर्वीची बिले आदल्या दिवशी दिसतात (आधीच्या तीन तक्रारींचे क्रमांक सोबत)
>
> महोदय,
>
> स.न.वि.वि.
>
> आमचा दादर, मुंबई येथे फुलांचा घाऊक व्यापार असून आमची बरीचशी विक्री पहाटे ४ ते सकाळी ९ या वेळेत होते. आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधील `Daily Sales` चार्ट आणि `Sales Register` यांचे दिवसवार आकडे जुळत नाहीत. यापूर्वी आम्ही तीन वेळा कळवले, परंतु त्या वेळी बिलांच्या वेळा दिल्या नव्हत्या. चाचणी दिवसा केलेल्या बिलांवर झाल्यास हा दोष दिसत नाही, म्हणून या वेळी नेमक्या वेळांसह कृती देत आहोत.
>
> वापरातील साधने: सॉफ्टवेअरची आवृत्ती ७.४.२, विंडोज ११, क्रोम ब्राउझर, संगणकाचा टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi`, घड्याळ आपोआप जुळवलेले.
>
> दोष पुन्हा घडवण्याची कृती:
>
> १. एकही बिल नसलेले चाचणी खाते उघडावे.
> २. मंगळवार १७ जून २०२५ रोजी पहाटे ४:१० वाजता १०० रुपयांचे, ५:२५ वाजता १० रुपयांचे आणि ५:३५ वाजता १ रुपयाचे बिल करावे. बिलाची तारीख हाताने बदलू नये. चाचणी अन्य दिवशी केल्यास त्या दिवसाची आणि आदल्या दिवसाची तारीख घ्यावी.
> ३. `Reports` मधून `Sales Register` उघडून १६ ते १७ जून हा कालावधी निवडावा.
> ४. `Reports` मधून `Daily Sales` चार्ट उघडून `Custom` मध्ये तोच कालावधी निवडावा.
>
> अपेक्षित: दोन्ही ठिकाणी १६ जूनला ० रुपये आणि १७ जूनला १११ रुपये.
>
> प्रत्यक्षात: रजिस्टरमध्ये अपेक्षेप्रमाणे दिसते. चार्टमध्ये मात्र १६ जूनला ११० रुपये आणि १७ जूनला १ रुपया दिसतो.
>
> वारंवारता: तीन वेगळ्या दिवशी, दोन संगणकांवर आणि दोन ब्राउझरमध्ये करून पाहिले असता प्रत्येक वेळी हाच परिणाम आला. वेगळ्या संगणकाचा टाइम झोन यूटीसी केल्यावर रजिस्टरमधील वेळा बदलल्या, चार्ट बदलला नाही.
>
> खऱ्या व्यवहारातील उदाहरण: २ जून रोजी रजिस्टरमध्ये ३८,६५० रुपये आणि चार्टमध्ये ४१,३०० रुपये आहेत. २ जूनची ५:३० नंतरची बिले २४,४५० रुपयांची आणि ३ जूनची ५:३० पूर्वीची बिले १६,८५० रुपयांची असून त्यांची बेरीज ४१,३०० येते.
>
> आमच्यावर होणारा परिणाम: दुसऱ्या दिवशी किती माल मागवायचा हे आम्ही या चार्टवरून ठरवतो. फुले एका दिवसात उतरतात, त्यामुळे चुकीच्या दिवसाच्या आकड्यावर मागवलेला माल टाकून द्यावा लागतो. १ एप्रिलच्या पहाटेची विक्रीही मागील आर्थिक वर्षात दिसते.
>
> आमचा अंदाज: चार्टसाठी दिवस ठरवताना यूटीसी तारीख धरली जात असावी. हा केवळ अंदाज आहे.
>
> कृपया (अ) वरील कृतीने दोष आपल्याकडे दिसतो का, (आ) अन्य कोणते अहवाल हीच गणना वापरतात आणि (इ) दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत मिळेल, हे लेखी कळवावे. पडद्याची चित्रे आणि तीन बिलांची सीएसव्ही फाइल सोबत जोडली आहे.
>
> आपला,
> (नाव, ग्राहक क्रमांक, संपर्काची योग्य वेळ)

या मजकुरातला (आ) हा प्रश्न वगळू नका. चार्ट चुकणे त्रासदायक असते, पण तीच गणना जीएसटीच्या महिनावार सारांशात वापरली जात असेल, तर महिन्याच्या १ तारखेच्या पहाटेची बिले चुकीच्या महिन्यात जातील. विवरणपत्र बिलावरच्या तारखेनुसार भरायचे असते, म्हणून उत्तर येईपर्यंत महिन्याचा सारांश रजिस्टरशी हाताने ताडून पाहा आणि लेखापालांनाही कळवा.

पडद्याचे चित्र घेताना संपूर्ण खिडकी येऊ द्या, निवडलेला कालावधी आणि खालच्या कोपऱ्यातले घड्याळ दिसले पाहिजे. फक्त स्तंभ कापून पाठवलेल्या चित्रावरून काहीच ठरवता येत नाही. खऱ्या बिलांमधली गिऱ्हाइकांची नावे आणि फोन क्रमांक झाकून टाका. संपूर्ण डेटाचा बॅकअप किंवा पासवर्ड पाठवण्याची गरज नाही, ते मागितले तर चाचणी खात्यावरच काम करण्याचा आग्रह धरा.

डेव्हलपरशी थेट बोलण्याची वेळ आली, तर पुढच्या दोन ओळी त्याला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चालवायला सांगा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच कोड आहे असा याचा अर्थ नाही, पण चूक कशी घडते हे यातून स्वच्छ दिसते.

```
const d = new Date("2025-06-02T04:10:00+05:30");
d.toISOString().slice(0, 10); // "2025-06-01"
```

उत्तरादाखल ‘संगणकाचा टाइम झोन बदलून बघा’ असा सल्ला आला तर तो नम्रपणे नाकारा. त्याने चार्ट आणि रजिस्टर कदाचित जुळतीलही, पण दोन्ही चुकीच्या तारखेवर जुळतील आणि छापील बिलावरची वेळही चुकू शकेल.

दुरुस्ती झाल्याचे कळवले की ताबडतोब तक्रार बंद करण्यास संमती देऊ नका. ही चूक सुधारताना घाईत होणारी एक नेहमीची चूक मी अनेकदा पाहिली आहे. वेळ एका ठिकाणी आधीच भारतीय वेळेत आणलेली असते आणि दुरुस्ती करणारा तिच्यात पुन्हा साडेपाच तास मिळवतो. मग पहाटेची बिले योग्य जागी येतात, सगळ्यांना समाधान वाटते, आणि संध्याकाळी साडेसहानंतरची बिले मात्र दुसऱ्या दिवशी सरकतात. तुमच्याकडे संध्याकाळी विक्री कमी असल्याने हा फरक महिनोन् महिने लक्षात येणार नाही. म्हणून पडताळणीच्या दिवशी पहाटेच्या तीन बिलांबरोबर संध्याकाळी ६:४५ ला १,००० रुपयांचे चौथे बिल करा. त्या दिवसाचा स्तंभ १,१११ दाखवत असेल तर दुरुस्ती योग्य आहे. तो १११ दाखवत असेल आणि हजार रुपये पुढच्या तारखेवर गेले असतील, तर वेळ दोनदा मिळवली गेली आहे.

शेवटी जून महिन्याचा जुना चार्ट पुन्हा उघडा. काही सॉफ्टवेअर रोजच्या बेरजा एकदाच काढून साठवून ठेवतात, आणि तसे असेल तर दुरुस्तीनंतर नवे दिवस बरोबर येतात पण मागचे चुकीचेच राहतात. २ जूनच्या स्तंभावर ३८,६५० आले नसतील, तर त्याच तक्रारीच्या क्रमांकावर जुन्या बेरजा नव्याने काढून देण्याची मागणी करा.